वहीच्या पहिल्या पानावरचा दर

मामांचं सांगलीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांनी एका बांधकामासाठी कोटेशन दिलं. इतर किरकोळ सामानाबरोबर त्यात अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरची चाळीस कॉइल होती. कोटेशन सकाळी गेलं आणि दुपारी जेवणाच्या आत समोरून होकार आला, घासाघीस न करता. इतका झटपट होकार आला की धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. मामांनी कागद पुन्हा हातात घेतला. वायरचा दर लागला होता १,९५० रुपये कॉइल. त्या आठवड्यातला त्यांचा दर होता २,६४०. एका कॉइलमागे ६९० रुपये, चाळीस कॉइलना २७,६०० रुपये.

त्यांनी मला फोन केला, कारण ती एक्सेलची शीट मीच करून दिली होती.

"अरे, नवा दर तर मी स्वतः उभा राहून लिहून घेतला होता की," मामा म्हणाले. ते खरंच होतं. शीट उघडली तर सगळ्यात खालच्या ओळीत ३ फेब्रुवारीची तारीख आणि २,६४० हा आकडा व्यवस्थित होता. वरच्या ओळींमध्येही काही चूक नव्हती. चूक सूत्रात होती, म्हणजे माझी.

दरांच्या त्या शीटचं नाव `Rates`. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात माल, तिसऱ्यात दर. नको त्या ओळी वगळल्या तर ती अशी दिसत होती:

```
     A            B           C
2    05/04/2023   वायर 2.5    1950
3    05/04/2023   MCB 16A     165
4    18/10/2023   वायर 2.5    2080
5    20/05/2024   वायर 2.5    2430
6    20/05/2024   MCB 16A     172
7    03/02/2025   वायर 2.5    2640
```

ही रचनाही माझ्याच सल्ल्याने झालेली. तांब्याचा भाव हलला की वायरच्या कंपन्या दरपत्रक बदलतात. पूर्वी मामांकडे जुना आकडा पुसून त्यावर नवा लिहायची पद्धत होती, त्यामुळे मागच्या वर्षी काय दर होता हे कुणालाच सांगता यायचं नाही. मी म्हटलं होतं, जुनं पुसू नका, खाली नवी ओळ घाला. त्यांनी माझं ऐकलं. कोटेशनच्या शीटमधलं सूत्र मात्र मी तसंच ठेवलं:

```
=XLOOKUP(A5,Rates!B:B,Rates!C:C)
```

या सूत्राचा अर्थ असा की कोटेशनमध्ये `A5` या घरात जे नाव आहे ते `Rates`च्या B रकान्यात शोध आणि त्याच ओळीतला C रकान्यातला आकडा आणून दे. कुठून शोधायचं हे मी सांगितलं नव्हतं. न सांगितल्यास XLOOKUP वरून खाली शोधतं आणि पहिली जुळणारी ओळ सापडताच थांबतं. दुसऱ्या ओळीत 'वायर 2.5' आहे, १,९५० मिळाले, काम झालं. चौथ्या, पाचव्या, सातव्या ओळीपर्यंत ते पोचतच नाही. खाली आणखी तीन दर आहेत, त्यांपैकी कुठला हवा, असं ते विचारतही नाही.

याला एक्सेलचा दोष म्हणता येणार नाही. दरपत्रकात एका मालाची एकच ओळ असते असं धरून शोधायची ही सूत्रं बनलेली आहेत. ज्या जुन्या VLOOKUPवर आपल्याकडच्या निम्म्या दुकानांचे हिशेब चालतात, त्याचीही अचूक शोधाच्या वेळी हीच सवय. मामांची शीट मात्र दरपत्रक राहिली नव्हती, ती वही झाली होती. आणि वहीत ताजा दर बघायचा तर माणूस पहिलं पान उघडत नाही, मागून पानं चाळत येतो. कुणी शिकवलेलं नसतं, पण हात आपोआप शेवटच्या पानाकडे जातो. सूत्राला हे सांगावं लागतं.

या चुकीचा खरा त्रास असा की ती ओरडत नाही. नाव सापडलं नसतं तर घरात `#N/A` आलं असतं आणि बिलिंगला बसणारी मुलगी लगेच थांबली असती. इथे तर नीटनेटका, एकेकाळी खराच असलेला दर येतो. मागची कोटेशनं काढून पाहिली तर ऑक्टोबर २०२३पासून प्रत्येक वायर १,९५०नेच गेलेली. एमसीबी १७२ऐवजी १६५ने. कधी दोन कॉइल, कधी पाच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. काउंटरवरची विक्री मामांच्या डोक्यातल्या दराने होते, तेवढी वाचली.

आपल्या शीटमध्ये असं होतंय का हे बघायला एक मिनिट पुरतं. ज्या मालाच्या बऱ्याच नोंदी आहेत, त्याची सगळ्यात खाली एक खोटी ओळ घालायची, दर ९९९९. कोटेशनमधला आकडा ९९९९ झाला तर सूत्र खालून वाचतंय. जुनाच राहिला तर वरून. बघून झालं की ती ओळ आठवणीने काढून टाकायची, नाहीतर पुढचं कोटेशन जाईल ते वेगळ्याच कारणाने गाजेल.

दुरुस्ती छोटी आहे. XLOOKUPला सहा गोष्टी सांगता येतात. काय शोधायचं, कुठे शोधायचं आणि कुठून उत्तर आणायचं या पहिल्या तीन सक्तीच्या. चौथी, सापडलं नाही तर काय लिहायचं. पाचवी, किती काटेकोर जुळणी हवी. सहावी म्हणजे सर्च मोड, शोधायची दिशा. तिथे `1` म्हणजे वरून खाली आणि `-1` म्हणजे खालून वर. सहावी जागा रिकामी सोडली की `1` धरलं जातं, आणि माझ्या सूत्रात नेमकं तेच झालं होतं. नवं सूत्र असं:

```
=XLOOKUP(A5,Rates!B:B,Rates!C:C,"दर नाही",0,-1)
```

आता शोध तळापासून सुरू होतो. सातव्या ओळीत 'वायर 2.5' भेटते, २,६४० येतात. एमसीबीसाठी सहाव्या ओळीतले १७२ येतात. पूर्ण रकाना दिल्यामुळे खालच्या लाखो रिकाम्या ओळींची चिंता करायचं कारण नाही, आणि उद्या आठवी ओळ वाढली तरी सूत्राला हात लावावा लागत नाही.

फोनवर हे सांगताना मी एक घोळ पाहिला, आणि तो इतरांकडेही होताना पाहिला आहे. सूत्र लिहिताना मामांकडच्या मुलीने मधला `0` गाळला आणि `-1` पाचव्या जागी गेला:

```
=XLOOKUP(A5,Rates!B:B,Rates!C:C,"दर नाही",-1)
```

एक्सेलने काही तक्रार केली नाही, कारण पाचव्या जागीही `-1` चालतो. मात्र तिथे त्याचा अर्थ निराळा. नेमकं नाव मिळालं नाही तर क्रमाने त्याच्या लगेच आधीचं जे असेल ते चालेल, असा. दिशेबद्दल अजून काहीच सांगितलेलं नाही, म्हणून वायरचा दर पुन्हा १,९५०. आणि दुखण्यापेक्षा औषध भारी ते पुढेच. वहीत नसलेली 'वायर 4' कोटेशनमध्ये टाकली, तर 'दर नाही' यायला हवं होतं. त्याऐवजी अक्षरांच्या क्रमात तिच्या मागे उभ्या असलेल्या 'वायर 2.5'चा दर आला. चार स्क्वेअरची वायर अडीचच्या भावात! स्वल्पविराम मोजून बघायचे, `-1`च्या आधी पाच हवेत.

सर्च मोडच्या यादीत `2` आणि `-2` असेही पर्याय दिसतात. शब्दकोशात आपण मधोमध पान उघडून मागेपुढे सरकतो, तसा तो शोध असतो आणि त्यासाठी नावं आधीच क्रमाने लावलेली लागतात. आपल्या वहीत ती तशी नसतात, तेव्हा त्या वाटेला जायचंच नाही.

इथवर येऊन मी सुटलो असं मला वाटलं होतं. मार्चमध्ये पुन्हा फोन आला.

झालं असं की, कपाटातल्या फायलीत नोव्हेंबर २०२४चं दरपत्रक सापडलं. त्याची नोंद राहून गेली होती. मुलीने प्रामाणिकपणे ती केली, अर्थातच सगळ्यात खाली:

```
8    12/11/2024   वायर 2.5    2510
```

आणि त्या दिवसापासून कोटेशनमध्ये वायर २,५१० दाखवू लागली. सूत्र जे सांगितलं तेच करत होतं. `-1`ला तारीख कळत नाही, त्याला फक्त ओळींचा क्रम कळतो. 'शेवटची नोंद' आणि 'ताजी नोंद' या दोन गोष्टी एकच असतात त्या फक्त रोजच्या रोज आणि क्रमाने लिहिलेल्या वहीत. दुकानातली वही तशी क्वचितच असते.

साधा उपाय म्हणजे शीट तारखेप्रमाणे चढत्या क्रमाने लावून घेणं. मग २,६४०ची ओळ पुन्हा तळाला जाते आणि `-1`चं उत्तर बरोबर येतं. पण तो उपाय माणसाच्या आठवणीवर चालतो, आणि महिनाअखेरीच्या गर्दीत आठवण हीच पहिली सुटते. म्हणून मी तारखेलाच सूत्रात घेतलं. कोटेशनवर `B1`मध्ये त्या कोटेशनची तारीख असतेच. बाजूच्या एका रिकाम्या घरात, समजा `F5`मध्ये, हे लिहिलं:

```
=MAXIFS(Rates!A:A,Rates!B:B,A5,Rates!A:A,"<="&B$1)
```

म्हणजे या मालाच्या नोंदींपैकी, कोटेशनच्या तारखेपर्यंतची सगळ्यात अलीकडची तारीख दे. मार्च २०२५मधल्या कोटेशनला ती ३ फेब्रुवारी २०२५ मिळते, मग ती नोंद कितव्याही ओळीत असो. तारखेऐवजी ४५,६९१ असा आकडा दिसला तर घाबरू नये. एक्सेल तारखा दिवसांच्या संख्येत साठवतं, घराला तारखेचं रूप दिलं की झालं. आता माल आणि तारीख दोन्ही जुळणारी ओळ शोधायची:

```
=XLOOKUP(1,(Rates!B$2:B$2000=A5)*(Rates!A$2:A$2000=F5),
 Rates!C$2:C$2000,"दर नाही",0,-1)
```

इथली युक्ती सोपी आहे. प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारले जातात, माल हाच का आणि तारीख हीच का. होकाराला १, नकाराला ०, आणि दोघांचा गुणाकार. दोन्ही होकार असतील तरच १ उरतो, आणि आपण तो १ शोधतो. एकाच दिवशी दोनदा दर बदलला तर दोन ओळींना १ मिळेल. तिथे शेवटचा `-1` पुन्हा उपयोगी पडतो, कारण त्या दिवशी नंतर लिहिलेला दर तो उचलतो. या सूत्रात मी पूर्ण रकाना न देता दोन हजार ओळी दिल्या, कारण इथे प्रत्येक ओळीचा गुणाकार होतो आणि दहा लाखांहून अधिक ओळींचा झाला तर दुकानातला जुना संगणक धापा टाकतो. वही दोन हजारांच्या जवळ गेली की आकडा वाढवायचा, एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

तारखेची अट घातल्याचा आणखी एक फायदा मला नंतर उमगला. पहिल्या दुरुस्तीनंतर एप्रिल २०२४चं एखादं जुनं कोटेशन उघडलं की त्यातही वायर २,६४० दिसायची. कागदावर गिऱ्हाइकाला दिलेला आकडा वेगळा आणि पडद्यावर वेगळा. आता १० एप्रिल २०२४च्या कोटेशनला त्या दिवशी लागू असलेला २,०८० हाच दर येतो, कारण मे महिन्यातली नोंद त्या तारखेनंतरची आहे.

यात दगा देतात त्या तारखाच. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो आधी महिना वाचतो. 05/04/2023 हा आपला ५ एप्रिल त्याच्या लेखी ४ मे होतो, आणि 20/05/2024मध्ये विसावा महिना नसल्याने ती तारीख न राहता नुसती अक्षरं होऊन बसते. अक्षरांना MAXIFS मोजत नाही, त्यामुळे तो दर यादीत असूनही नसल्यासारखा. ओळखायची खूण डोळ्यांनाच दिसते. मुद्दाम मांडणी बदलली नसेल तर खरी तारीख घरात उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे. मामांच्या शीटमध्ये अशा दोन तारखा डावीकडे उभ्या होत्या, दुसऱ्या संगणकावर केलेल्या.

नावांचंही तसंच. एकदा नवी नोंद असूनही मागचाच दर येत होता. दोन्हीकडे 'वायर 2.5' असंच दिसत होतं. `=LEN(B9)` लिहून पाहिलं तर उत्तर ९, बाकी सगळ्या ओळींना ८. मराठी अक्षरं मोजताना एक्सेल काना वेगळा धरतं, म्हणून व, काना, य, र असे चार, मधली जागा एक आणि 2.5चे तीन, असे आठ होतात. नववं होतं शेवटी पडलेली रिकामी जागा. नोंद फोनवरून केली होती, आणि फोनचा कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपणहून जागा सोडतो. सूत्राच्या दृष्टीने तो वेगळाच माल. शेवटी आम्ही नाव टाइप करणंच बंद केलं. B रकान्याला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली आणि माल त्यातून निवडायचा असं ठरवलं.

हे सगळं ज्यांच्याकडे XLOOKUP आहे त्यांच्यासाठी. मायक्रोसॉफ्टने ते २०१९च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये आणि एक्सेल २०२१पासून पुढे ते आहे, गूगल शीट्समध्ये २०२२पासून. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत लिहिलं तर `#NAME?` येतं. मामांच्या गोदामातल्या संगणकावर तेच आलं. तिथे जुन्या लोकांची एक क्लृप्ती वापरली:

```
=LOOKUP(2,1/(Rates!B$2:B$2000=A5),Rates!C$2:C$2000)
```

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही हे मंत्रासारखं वाटलं होतं. प्रत्येक ओळीत १ला भागलं जातं. माल जुळला तर १ भागिले १, म्हणजे १. नाही जुळला तर १ भागिले ०, म्हणजे चूक. LOOKUP चुका ओलांडून जातं. त्याला २ शोधायला सांगितलंय, आणि २ तर कुठेच नाही. आपल्याला हवं त्यापेक्षा सगळं लहानच आहे असं समजून ते पुढे पुढे सरकत शेवटच्या १वर जाऊन थांबतं. तीच शेवटची नोंद. क्रमाची मर्यादा यालाही लागू आहे, म्हणून गोदामातली वही महिन्यातून एकदा तारखेप्रमाणे लावतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सूत्राने सुटली नाही. १५ डिसेंबर २०२४चं एक कोटेशन गेलं तेव्हा नोव्हेंबरची नोंद वहीत नव्हती. सूत्र तेव्हा तारखेचं असतं, तर त्याने वायर २,४३०ने लावली असती. आज तेच कोटेशन उघडलं तर २,५१० येतील. सूत्र खोटं नाही, त्या तारखेला तोच दर लागू होता. पण गिऱ्हाइकाच्या हातातल्या कागदावर तो असता नसता. म्हणून कोटेशन पाठवायच्या आधी दरांचा रकाना कॉपी करून तिथेच नुसते आकडे म्हणून चिकटवायचे, Paste Special मधलं Values. मामांकडची मुलगी आता ते झाल्यावर त्या रकान्याला पिवळा रंग देते. पिवळ्या रकान्यात कुणी सूत्र घालायचं नाही असा दुकानात नियम आहे, आणि तो मलाही लागू आहे असं तिने मला बजावून सांगितलं आहे.